‘ईमेल’ नाम की क्रियापद? एफवायच्या पहिल्या तासाला कन्व्हर्जन शिकवताना

एफवायबीएच्या इंग्रजीच्या वर्गावर तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल आणि शब्दघडणीचा भाग तुमच्या वाट्याला आला असेल, तर सुरुवात कन्व्हर्जनपासून, म्हणजे रूप न बदलता शब्दाची जात बदलण्यापासून करा. पुस्तकांत हा भाग बहुधा उपसर्ग-प्रत्ययांच्या मागे येतो, पण पहिल्या तासाला तो जास्त उपयोगी पडतो. मुंबईतल्या वर्गात निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. नाम, क्रियापद, विभक्ती या शब्दांशी त्यांची जुनी ओळख असते आणि ‘मी ईमेल करते’ हे वाक्य ती रोज बोलत असतात. त्यांच्याजवळ जे आधीच आहे, त्यावरच हा तास उभा राहतो. खाली तासाचा क्रम दिला आहे, आणि कुठे अडकायला होतं तेही.

आधी दोन वाक्यं, व्याख्या नंतर

फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘आय विल सेंड ॲन ईमेल’ आणि त्याखाली ‘आय विल ईमेल यू’. व्याख्या देऊ नका, कन्व्हर्जन हा शब्दही उच्चारू नका. फक्त विचारा, दोन्ही वाक्यांत क्रियापद कोणतं?

पहिल्याचं उत्तर लगेच येतं: सेंड. दुसऱ्याला वर्ग थबकतो. कोणी ‘विल’ म्हणेल, कोणी म्हणेल की इथे सेंड गाळलंय, कोणी खात्रीने सांगेल की ईमेल हे नाम आहे, म्हणजे ते क्रियापद असूच शकत नाही. ही सगळी उत्तरं फळ्यावर लिहून ठेवा. शेवटचं उत्तर सर्वात मोलाचं आहे, कारण शब्दाची जात शब्दाच्या अंगावरच लिहिलेली असते ही समजूत त्यातून उघड होते. या तासाला तीच दूर करायची आहे.

आता मुलांनाच अदलाबदल करायला लावा. पहिल्या वाक्यात ईमेलच्या जागी ‘लेटर’ घाला. ‘सेंड अ लेटर’ चालतं. दुसऱ्यात घाला: ‘आय विल लेटर यू’. कोणीही हसून नाही म्हणेल. मग ‘टेल’ घेऊन उलट करा. ‘आय विल टेल यू’ चालतं, ‘सेंड अ टेल’ चालत नाही. म्हणजे पहिल्या वाक्यातली जागा नामाची आहे आणि दुसऱ्यातली क्रियापदाची. ईमेल दोन्हीकडे बसतो.

इथे नव्या शिक्षकाचा घोटाळा ठरलेला असतो. चाचणीसाठी सहज सुचणारे शब्द म्हणजे कॉल, टेक्स्ट, मेसेज. ते घेऊ नका. ते स्वतःच दोन्ही जागांवर बसतात, त्यामुळे चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही आणि वर्ग गोंधळतो. लेटर आणि टेल यांच्यासारखे रोजच्या वापरात एकाच जातीला चिकटून राहिलेले शब्द आधीच ठरवून न्या.

मग एकाच वाक्याची उलटापालट

तासातला सर्वात जास्त वेळ इथे द्या. फळ्यावर लिहा: ‘शी लिस्ट्स हर ईमेल्स’. खाली लिहा: ‘शी ईमेल्स हर लिस्ट्स’. चारही शब्द तेच, स्पेलिंगही तेच, फक्त दोन शब्दांनी जागा बदलल्या. पहिल्याचा अर्थ, ती आपल्या ईमेल्सची यादी करते. दुसऱ्याचा, ती आपल्या याद्या ईमेल करते.

विचारा, दोन्ही शब्दांना शेवटी ‘एस’ आहे, तो एकच आहे का? थोडा वेळ द्या. मग दोन्ही वाक्यं भूतकाळात लिहायला सांगा. पहिलं होतं ‘शी लिस्टेड हर ईमेल्स’, दुसरं ‘शी ईमेल्ड हर लिस्ट्स’. भूतकाळ केल्यावर एक ‘एस’ गेला आणि एक राहिला. गेलेला तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा होता, राहिलेला अनेकवचनी नामाचा. दिसायला एकसारखे, पण काम वेगळं. ही गोष्ट मुलांच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हाताने घडू द्या. तुम्ही सांगितली तर ती तासाबरोबर संपते.

याच वाक्यांवर पुढच्या खुणा तपासून घ्या. ‘हर’ हा स्वामित्वदर्शक शब्द कशाच्या आधी आला? नामाच्या. मध्ये विशेषण घालायचं झालं तर कुठे बसेल? ‘हर लाँग ईमेल्स’. क्रियाविशेषण कुठे? ‘शी क्विकली ईमेल्स’. एवढ्या खुणा पहिल्या तासाला पुरतात. पाचवी-सहावी सांगायचा मोह टाळा.

वर्गातली एखादी चौकस मुलगी इथे म्हणेल की ‘शी ईमेल्स हर लिस्ट्स’ याचा आणखी एक अर्थ होतो: ती तिला, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी, याद्या ईमेल करते. तिचं म्हणणं बरोबर आहे. तिला थांबवू नका, तिच्यामुळे पुढचा मुद्दा आयता मिळतो. क्रियापद झाल्यावर ईमेलने दोन कर्मं घ्यायला सुरुवात केली: कोणाला आणि काय. ‘द ऑफिस ईमेल्ड मी द टाइमटेबल’ हे ‘सेंट मी द टाइमटेबल’च्याच चालीवर जातं. नाम असताना ईमेलला हे जमत नव्हतं. जात बदलली की शब्दाबरोबर कोण कोण येऊ शकतं हेही बदलतं, ते असं.

मराठीला वर्गात येऊ द्या

काही विभागांत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं कमीपणाचं मानलं जातं. या विषयापुरतं तरी ते बाजूला ठेवा, कारण मराठी वाक्य समोर ठेवल्याशिवाय या मुलांना इंग्रजीतली गंमत दिसतच नाही. दोन वाक्यं घ्या:

कॉलेजने मला एक ईमेल केला.
कॉलेजने मला नोट्स ईमेल केल्या.

विचारा, पहिल्यात ‘केला’ आणि दुसऱ्यात ‘केल्या’ का? पहिल्या वाक्यात क्रियापद ईमेलच्या लिंगवचनाप्रमाणे चाललंय. (कोणी ‘केली’ म्हणेल, ईमेल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर आपलं एकमत नाही, त्यात अडकू नका.) दुसऱ्यात ते नोट्सप्रमाणे चाललंय. ईमेल तिथे उभा आहे, पण क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही. आता त्याला विशेषण लावून बघा. ‘एक मोठा ईमेल केला’ छान चालतं. ‘नोट्स मोठा ईमेल केल्या’ कोणी म्हणणार नाही. दुसऱ्या वाक्यात ईमेलचं नामपण गेलेलं आहे. त्याला विशेषण चालत नाही, अनेकवचन चालत नाही, तो ‘करणे’शी जोडला जाऊन एकच क्रिया झालाय.

म्हणजे मराठीही ईमेलला क्रियेत ओढते, पण काळ, लिंग, वचन यांचा भार ‘करणे’वर टाकते. इंग्रजीत असा भारवाहक नाही. तिथे तो भार ईमेलला स्वतःलाच उचलावा लागतो, म्हणून ‘ईमेल्ड’, ‘ईमेलिंग’. या मुलांच्या लेखनात ‘आय डिड ईमेल टू हिम’ असं वाक्य वारंवार येतं, त्याचं मूळ इथे आहे. ‘केला’चा त्यांनी ‘डिड’ केलेला असतो. एकदा हे कारण दाखवलंत की दुरुस्ती त्यांची तेच करतात.

एखादा मुलगा ‘गुगलून बघ’चं उदाहरण देईल. घ्या ते. तिथे मराठीनेही ‘करणे’ बाजूला ठेवून ‘ऊन’ प्रत्यय थेट गूगलला लावलाय. असे शब्द थोडे आहेत आणि बहुतेक बोलण्यातच ऐकू येतात, पण भाषेला ती वाट बंद नाही.

‘रूप बदलत नाही’ म्हणजे नेमकं काय

आता व्याख्या सांगायची वेळ झाली. कन्व्हर्जन म्हणजे शब्दाच्या रूपात काहीही भर न घालता त्याची जात बदलणे. यालाच शून्यप्रत्ययी शब्दसिद्धी असंही म्हणतात.

व्याख्या लिहून होते न होते तोच हात वर येतो: सर, ‘ईमेल्ड’मध्ये ‘एड’ लागलंय, मग रूप बदललं नाही कसं? या प्रश्नाची तयारी करूनच जा. उत्तर मराठीतून सोपं पडतं. ‘हात’पासून क्रियापद करायचं तर ‘हाताळणे’ होतं. णे काढला तरी धातू ‘हाताळ’ उरतो, मध्ये ‘आळ’ आलेला आहेच. ‘लाथ’चं ‘लाथाडणे’, तिथे ‘आड’ आलं. पण ‘खेळ’ बघा. ‘खेळ संपला’ यातलं नाम आणि ‘खेळणे’तला धातू अगदी तोच आहे, मध्ये काही नाही. खेळतो, खेळली, खेळेल यांतले प्रत्यय क्रियापद झाल्यावर लागलेले आहेत. त्यांनी क्रियापद घडवलेलं नाही.

इंग्रजीतही तसंच. ‘हॉस्पिटल’चं क्रियापद ‘हॉस्पिटलाइझ’ होतं, तिथे ‘आइझ’ने जात बदलली. ईमेलला जात बदलायला काही लागलं नाही. ‘एड’ फक्त काळ दाखवायला नंतर आला. ओळखायची रीत अशी: ‘टू’ किंवा ‘विल’च्या मागे शब्द ठेवा. तिथे कोणताही काळाचा प्रत्यय लागत नाही, मूळ रूप उघडं राहतं. ‘विल ईमेल’ आणि ‘ॲन ईमेल’ सारखे दिसले तर कन्व्हर्जन. ‘विल हॉस्पिटलाइझ’ आणि ‘अ हॉस्पिटल’ सारखे नाहीत, तर नाही.

हे इंग्रजीतच एवढं का?

याला पाच मिनिटं पुरेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांची शेपटं वेगळी होती. प्रेम या नामाला ‘लुवू’ आणि प्रेम करणे याला ‘लुवियन’ असे शब्द होते. उत्तर हे नाम ‘अन्डस्वरू’, उत्तर देणे हे क्रियापद ‘अन्डस्वरियन’. 11व्या शतकानंतरच्या काही शतकांत ही शेवटची अक्षरं झिजत गेली आणि अखेर पुसली गेली. उरलं ‘लव्ह’ आणि ‘आन्सर’, दोन्ही कामांना एकच रूप. भाषिकांना अशा जोड्यांची सवय झाल्यावर नव्या नामाचंही क्रियापद तसंच करण्याची वाट मोकळी झाली. ईमेल त्याच वाटेने गेला, गूगलही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने गूगल हे क्रियापद 2006मध्ये दाखल करून घेतलं.

मराठीत शेपटं शाबूत आहेत. नामाला सामान्यरूप होतं, क्रियापदाला आख्यात लागतं, आणि आज्ञार्थातल्या ‘तू खेळ’सारखी मोजकी ठिकाणं सोडली तर दोघं उघडेवाघडे समोरासमोर येतच नाहीत. म्हणून खेळ, नाच, धाव, मार अशा जोड्या मराठीत असूनही आपल्याला त्या एकाच शब्दाच्या दोन जाती वाटत नाहीत.

आधी कोण?

दिशा ठरवणं हा भाग नव्या शिक्षकाला अवघड जातो. ईमेल नामाचं क्रियापद झालं, हे कशावरून? उलट का नाही? पहिली कसोटी अर्थाची. क्रियापद समजावून सांगताना नाम लागतं का बघा. ‘ईमेल करणे म्हणजे ईमेल पाठवणे’ असं सांगावंच लागतं. नाम समजावताना क्रियापद लागत नाही. म्हणजे नाम आधी. ‘वॉक’चं उलट आहे: ‘अ वॉक’ म्हणजे चालण्याची एक खेप, नाम समजायला क्रिया लागते. तिथे क्रियापद आधी.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. नामापासून झालेलं क्रियापद भूतकाळात नियमित चालतं, ऐकायला अनियमित क्रियापदासारखं असलं तरी. घंटा वाजणे या अर्थाच्या ‘रिंग’चा भूतकाळ ‘रँग’. पण पोलिसांनी मैदानाला कडं केलं, असं सांगायचं असेल तर ‘द पोलिस रिंग्ड द ग्राउंड’ म्हणतात. तिथे ‘रँग’ चालत नाही, कारण हे क्रियापद कडं या अर्थाच्या नामापासून आलंय आणि त्याला अनियमित भूतकाळाचा वारसा नाही. पोरांना ‘रिंग’चे दोन्ही भूतकाळ विचारा. ज्यांना माहीत नसेल तेही कारण कळल्यावर बरोबर उत्तर काढतात.

एक सावधगिरी. अर्थाची कसोटी आजची जाण सांगते, इतिहास नाही. ‘कुक’ हे नाम म्हणजे स्वयंपाक करणारा, म्हणून कोणालाही क्रियापद आधीचं वाटेल. प्रत्यक्षात इंग्रजीत नाम जुनं आहे, क्रियापद त्यापासून नंतर झालं. परीक्षेत ‘दिशा सांगा’ असा प्रश्न काढणार असाल, तर आजच्या अर्थाने की इतिहासाने, हे प्रश्नातच लिहा.

जे कन्व्हर्जन नाही

दोन गोष्टींवर मुलं हमखास फसतात. पहिली ‘ईमेल ॲड्रेस’. इथे ईमेल दुसऱ्या नामाच्या आधी आला म्हणून ते त्याला विशेषण ठरवतात. ‘व्हेरी’ लावून बघायला सांगा. ‘व्हेरी ईमेल ॲड्रेस’ होत नाही, ‘द ॲड्रेस इज ईमेल’ही होत नाही. नामच आहे ते, फक्त दुसऱ्या नामाला जोडून बसलंय, आपल्या ‘रेल्वे स्टेशन’मधल्या रेल्वेसारखं.

दुसरी ‘रेकॉर्ड’. नाम आणि क्रियापदाचं स्पेलिंग तेच, पण उच्चारात आघात सरकतो: नामाला पहिल्या अक्षरावर, क्रियापदाला दुसऱ्यावर. ‘परमिट’, ‘इम्पोर्ट’ही तसेच. रूप खरोखर तसंच राहिलं का? कानाला नाही. याला काही जण अपुरं कन्व्हर्जन म्हणतात, काही जण वेगळं धरतात. पहिल्या तासाला एवढंच सांगा की डोळ्यांनी तपासलंत तसं कानांनीही तपासा, आणि पुढे चला. आपल्याकडे बरेच जण दोन्ही सारखंच उच्चारतात, त्यामुळे एकदा दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवा.

कोणतंही नाम चालेल का?

तासाच्या शेवटी कोणीतरी विचारतंच: मग ‘आय कार टू कॉलेज’ का नाही? कारण गाडीने जाण्यासाठी ‘ड्राइव्ह’ आधीच रुळलेलं आहे. तो अर्थ सांगणारा शब्द हाताशी असला की नवं क्रियापद सहसा तग धरत नाही. ‘सायकल’ला तसा प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून ‘आय सायकल टू कॉलेज’ चाललं. ‘टू हॉस्पिटल’ची वाट ‘हॉस्पिटलाइझ’ने अडवली. ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांनी 1979च्या आपल्या लेखात नामापासून झालेल्या क्रियापदांचा आणि या अडवणुकीचा बारकाईने विचार केलाय. पुढे वाचू इच्छिणाऱ्या मुलांना तो सुचवता येईल. ‘आय विल लेटर यू’ला पहिल्या दहा मिनिटांत वर्ग हसला होता, तिथेही ‘राइट’ आधीपासून बसलेलं होतंच.

अडथळा कायमचा मात्र नसतो. ‘सेंड यू ॲन ईमेल’ म्हणायची सोय असूनही ‘ईमेल यू’ आलंच, कारण ‘सेंड’ हा शब्द काय पाठवलं ते सांगत नाही आणि एका शब्दात दोन्ही सांगायची गरज रोज पडत होती.

गृहपाठ घराच्या वाटेवरचा द्या. लोकलमध्ये आणि स्टेशनात दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या इंग्रजी वाक्यांतून पाच शब्द टिपून आणायचे. ‘माइंड द गॅप’मधला माइंड, ‘बोर्ड द ट्रेन’मधला बोर्ड, ‘बुक युवर टिकेट’मधला बुक असे शब्द येतील. प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहायला सांगा: तोच शब्द नाम असलेलं एक वाक्य, ‘टू’च्या मागे ठेवल्यावर रूप तसंच राहतं का, आणि कोणत्या जातीवरून कोणती आली. तपासताना तिसऱ्या रकान्यात चूक दिसली तर लगेच कापू नका, कारण वाचा. ‘बुक’ समोर कोणी लिहील की पुस्तकाचा इथे काय संबंध. त्या मुलाला पुढच्या तासाला उभं करा आणि वहीत नाव नोंदवून जागा राखण्याच्या रीतीबद्दल वर्गाला विचारा.